‘ब्लीच’चे ३६६ भाग आणि त्यांतील फिलर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

टाइट कुबो यांची ‘ब्लीच’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथेची, मालिका ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात ऑगस्ट २००१ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ६८६ प्रकरणांनंतर संपली. तिच्यावर आधारित अ‍ॅनिमे मालिका पिएरो या स्टुडिओने तयार केली. टीव्ही टोकियोवर ती ५ ऑक्टोबर २००४ ते २७ मार्च २०१२ या काळात ३६६ भागांत दाखवली गेली. या तारखा शेजारी ठेवल्या की प्रकरणाचे स्वरूप लगेच ध्यानात येते. अ‍ॅनिमे सुरू झाली तेव्हा मूळ कथा अपुरी होती, आणि अ‍ॅनिमे बंद झाली तेव्हाही ती अपुरीच होती.

मांगात असलेल्या कथेवरून केलेल्या भागांना प्रेक्षक ‘कॅनन’ म्हणतात, आणि मांगात नसलेले, अ‍ॅनिमेच्या लेखकांनी स्वतः रचलेले भाग म्हणजे ‘फिलर’. ‘ब्लीच’मध्ये १६० हून अधिक भाग फिलर मानले जातात, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के. हा आकडा बहुतेक वेळा स्टुडिओच्या आळशीपणाचा किंवा लोभाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. माझे मत वेगळे आहे. फिलर किती असणार हे पहिल्या वर्षीच जवळपास ठरून गेले होते. निर्मात्यांच्या हातात उरले होते ते एवढेच, की ते कुठे घालायचे आणि कशाचे रचायचे. या दोन बाबतींत त्यांनी चार वेळा चार वेगळे निर्णय घेतले आणि चारही वेळा वेगळे परिणाम झाले, म्हणून हे प्रकरण अभ्यासासारखे आहे.

निर्मितीतील व्यक्तींची नावे येथे गाळली आहेत. मांडणी प्रसारित भागांचा क्रम आणि मांगाची प्रकरणे यांच्या आधारे केली आहे. कथेतील काही रहस्ये पुढे उघड होतात, त्यामुळे ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी सावधपणे वाचावे.

समस्या : वेगाचा हिशेब

साप्ताहिकातील मांगाचे एक प्रकरण साधारण १९ पानांचे असते. नववर्ष, मे महिन्यातील सुट्ट्या आणि ओबोनचा सण या काळातील जोडअंक वगळले तर वर्षाला सुमारे ४८ प्रकरणे छापली जातात. अ‍ॅनिमेचा भाग जवळजवळ दर आठवड्याला लागतो, आणि सुरुवातीचे व शेवटचे गाणे वजा केले तर त्यात वीसेक मिनिटांची कथा मावते. एका भागात एकच प्रकरण बसले असते तर दोन्ही गाड्या बरोबरीने धावल्या असत्या. प्रत्यक्षात एका भागाला दोनाहून अधिक प्रकरणे लागतात.

‘ब्लीच’च्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होती आणि तिचे कारण कुबो यांच्या चित्रशैलीत आहे. त्यांची पाने मोकळी असतात. पार्श्वभूमी पुष्कळदा कोरी ठेवलेली असते, चौकटी मोठ्या असतात, संवाद कमी असतात आणि एखाद्या नाट्यमय क्षणासाठी संपूर्ण पान खर्च केलेले असते. वाचताना हे फार परिणामकारक वाटते, परंतु पडद्यावर असे पान काही सेकंदांत संपते. संपूर्ण मालिकेचा हिशेब केला तर सुमारे २०० कॅनन भागांत ४७९ प्रकरणे वापरली गेली, म्हणजे एका भागाला सरासरी जवळपास २.४ प्रकरणे.

ऑक्टोबर २००४ मध्ये मांगाची सुमारे दीडशे प्रकरणे छापून झाली होती. कोणालाही वाटेल की ही शिल्लक भरपूर आहे. पहिल्या ६३ भागांत अ‍ॅनिमेने ‘सोल सोसायटी’ हे पर्व पूर्ण केले, आणि त्यासाठी मांगाची १८० च्या आसपास प्रकरणे खर्ची पडली. तेवढ्या काळात मांगा साठेक प्रकरणे पुढे गेली होती. म्हणजे २००५ च्या अखेरीस दोहोंमधील अंतर ढोबळमानाने तीस प्रकरणांवर आले होते. त्याच वेगाने पुढे गेल्यास दर आठवड्याला सुमारे दीड-दोन प्रकरणांनी अंतर घटत गेले असते आणि चार-पाच महिन्यांत अ‍ॅनिमे मांगाला जाऊन धडकली असती.

यातून एक गोष्ट निघते, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. शिल्लक संपली की मालिकेला मांगाच्या वेगानेच जगावे लागते. मांगाचे आठवड्याला सरासरी ०.९ प्रकरण, आणि भागाला लागतात २.४. म्हणजे कायमस्वरूपी स्थितीत दहा भागांपैकी जेमतेम चारच कॅनन असू शकतात. ‘ब्लीच’मध्ये ५५ टक्के कॅनन भाग निघाले ते सुरुवातीच्या दीडशे प्रकरणांच्या पुंजीमुळे.

उपलब्ध पर्याय

अशा वेळी चार मार्ग असतात. पहिला मार्ग वेग कमी करण्याचा. तोएई स्टुडिओने ‘वन पीस’साठी पुढे मुख्यतः हाच मार्ग धरला आणि एका भागात एखादेच प्रकरण, कधी त्याहूनही कमी, असा वेग ठेवला. ‘ब्लीच’ने ३६६ भागांत ४७९ प्रकरणे पसरवली असती तर भागाला सरासरी १.३ प्रकरणे आली असती आणि एकही फिलर लागला नसता. पण ‘वन पीस’ची पाने माणसांनी, इमारतींनी आणि बारीकसारीक विनोदांनी खच्चून भरलेली असतात, त्यामुळे ती ताणताना हाती काहीतरी सामग्री असते. कुबो यांच्या कोऱ्या पार्श्वभूमीवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन तलवारबाजांना दुप्पट वेळ उभे करणे फार अवघड गेले असते.

दुसरा मार्ग स्वतःचा शेवट रचून मालिका संपवण्याचा. २००३ च्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ने तसे केले, ५१ भागांत कथा वेगळ्या दिशेने नेऊन संपवली, आणि मांगाशी प्रामाणिक असलेली दुसरी मालिका २००९ मध्ये नव्याने करावी लागली. ‘ब्लीच’साठी हा पर्याय २००५ च्या अखेरीस आत्मघातकी ठरला असता, कारण खलनायक ऐझेनचा खरा चेहरा नुकताच उघड झाला होता आणि मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर होती.

तिसरा मार्ग थांबण्याचा. आज तो सहज सुचतो, परंतु त्या काळी आठवड्याची प्रसारणाची वेळ ही मालिकेची मिळकत होती. ती सोडली की दुसरी मालिका तिथे येते, जाहिरातदार तिच्याकडे जातात, आणि मांगाच्या पुस्तकांची दर आठवड्याला होणारी जाहिरातही बंद पडते. चौथा मार्ग फिलरचा, आणि तोच निवडला गेला.

पहिला निर्णय : पर्व संपल्यावर थांबणे

जानेवारी २००६ मध्ये ६४ व्या भागापासून ‘बाउंट’ पर्व सुरू झाले आणि ते १०८ व्या भागापर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर चालले. जागेची निवड उत्तम होती. सोल सोसायटी या मृतात्म्यांच्या जगातील संघर्ष मिटला होता, ऐझेन पळाला होता, नायक इचिगो आणि त्याचे मित्र घरी परतले होते, आणि पुढची लढाई अद्याप सुरू व्हायची होती. कथेत इथे नैसर्गिक विराम होता.

प्रश्न आला तो लांबीचा आणि आशयाचा. माणसांच्या आत्म्यांवर जगणारी बाउंट ही नवी जमात, तिचा नेता जिन कारिया, आणि त्यांच्या ताब्यातील ‘डॉल’ नावाच्या शक्ती हे सारे नवे होते. मात्र मूळ कथेतील काहीही बदलण्याची मुभा लेखकांना नव्हती. कॅननमधील पात्र मारता येत नाही, त्याला कायमची नवी शक्ती देता येत नाही, आणि मांगाकार पुढे काय करणार हे नेमके ठाऊक नसल्याने कोणतेही नाते पुढे सरकवता येत नाही.

या बंधनाचा सर्वांत स्पष्ट ओरखडा इचिगोचा मित्र उर्यू इशिदा याच्या कथेवर दिसतो. सोल सोसायटीतील लढाईत त्याने आपली क्विन्सी, म्हणजे आत्मिक धनुर्धराची, शक्ती गमावली होती, आणि मांगात ती परत मिळण्याची घटना पुढे, त्याच्या वडिलांच्या हातून व एका कडू अटीवर यायची होती. बाउंट पर्वात मात्र त्याला महत्त्वाची भूमिका हवी होती. म्हणून एका उपकरणाच्या मदतीने त्याला शक्ती तात्पुरती परत दिली गेली, आणि पर्व संपताना ती पुन्हा काढून घेतली गेली, जेणेकरून मांगातील इशिदा जसा होता तसा जागेवर ठेवता येईल. हानी झाली आहे, मग भरून निघाली आहे, मग पुन्हा झाली आहे, आणि वडिलांच्या प्रसंगात कोणालाही मधल्या घटनेची आठवण नाही. फिलर ओळखायचा असेल तर पात्रांच्या नव्या शक्तींचा असा परतीचा प्रवास पाहावा. सांधा कुठे आहे ते तिथे हमखास दिसते.

वर्षभराच्या विरामाने मांगाला सुमारे ४५ प्रकरणांची आघाडी दिली. २.४ च्या दराने ती १९ भागांना पुरते. पंचेचाळीस आठवड्यांच्या फिलरची कमाई कॅननचे एकोणीस भाग, असा हा व्यवहार होता.

दुसरा निर्णय : लढाईच्या मध्येच कापणे

ही आघाडी, आधीची तीसेक प्रकरणे आणि मधली किरकोळ फिलरे यांच्या बळावर मालिका २००८ च्या वसंतापर्यंत चालली. मग शिल्लक पुन्हा संपत आली, पण या वेळी कथेत विराम नव्हता. इचिगो आणि मित्र आपली मैत्रीण ओरिहिमे हिला सोडवण्यासाठी हुएको मुंडो या शत्रूच्या जगात शिरले होते. १६७ व्या भागात ग्रिमजो या शत्रूशी इचिगोची लढाई संपली, आणि पुढे नोइत्रा या दुसऱ्या शत्रूची लढाई उभी होती. १६८ व्या भागात मात्र प्रेक्षकांना शुसुके आमागाई हा शिनिगामी या मृत्युदूत योद्ध्यांच्या तिसऱ्या तुकडीचा नवा सेनापती दिसला आणि रुरिचियो कासुमिओजी या सरदार घराण्यातील मुलीची कथा सुरू झाली. हे २२ भाग चालले. १९० व्या भागाच्या नावातच हुएको मुंडो पर्व पुन्हा सुरू होत असल्याची घोषणा करावी लागली.

या पर्वाला कालक्रमात जागाच नाही. ज्या ओरिहिमेच्या सुटकेसाठी सारे जीव धोक्यात घालून गेले आहेत, ती इथे घरी आहे, आणि इचिगोही तिथेच आहे. शेवटी आमागाई मरतो आणि तिसऱ्या तुकडीचे सेनापतिपद पूर्वीसारखेच रिकामे होते, कारण मांगात ते रिकामे आहे. आमागाई हे पात्र वाईट लिहिलेले नाही, त्याचा सूड समजण्यासारखा आहे, हे नमूद करायला हवे. ही कथा बाउंटच्या जागी आली असती तर आज तिच्याबद्दल इतके कडवटपणे बोलले गेले नसते, असे मला वाटते.

एक तुलना इथे उपयोगी पडते. कुबो यांनी स्वतःही ३१५ व्या प्रकरणानंतर, ऐन युद्धाच्या तोंडावर, कथा थांबवून १२ प्रकरणांचा भूतकाळ सांगितला, आणि त्या प्रकरणांना उणे १०८ ते उणे ९७ असे क्रमांक दिले. अ‍ॅनिमेत ते २०६ ते २१२ हे भाग होत. थांबवणे तेच, पण ऐझेन कोण होता आणि व्हिझार्ड हा हद्दपार शिनिगामींचा गट कसा निर्माण झाला या पडून असलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात, त्यामुळे युद्धाकडे परतताना वाचकाला काही नवे ठाऊक झालेले असते. आमागाई पर्वातून १९० व्या भागाकडे परतताना असे काहीच हाती लागत नाही.

तिसरा निर्णय : मूळ कथेने न वापरलेली जागा शोधणे

२००९ मध्ये पुन्हा युद्ध थांबवावे लागले. जागा तशीच गैरसोयीची होती. २३० ते २६५ या भागांत ‘झांपाकुतो’ पर्व आले. मुरामासा नावाच्या एका तलवारीच्या आत्म्याच्या प्रभावाने शिनिगामींच्या तलवारींमधील आत्मे देह धारण करून मालकांविरुद्ध बंड करतात, अशी ही कल्पना आहे.

हे पर्व फिलर असूनही पुष्कळांना आवडते. प्रत्येक तलवारीत एक आत्मा असतो आणि त्याचे नाव ऐकू आल्यावरच शक्ती मिळते, हा ‘ब्लीच’च्या विश्वाचा पाया आहे. असे असूनही तोवर मांगात फार थोड्या पात्रांच्या तलवारींचे आत्मे दिसले होते. लेखकांनी नवी जमात किंवा नवे घराणे आणण्याऐवजी मूळ कथेत पडून असलेली जागा वापरली, आणि या आत्म्यांच्या रूपरेखाटनात कुबो यांचाही सहभाग होता. बाउंटची कथा विसरता येते, पण रुकिया या शिनिगामीच्या तलवारीचा शुभ्र वस्त्रांतील आत्मा एकदा पाहिला की मांगा वाचतानाही तो आठवतो.

इथेही धोका होताच. नायकाच्या तलवारीचे खरे स्वरूप मांगात काही वर्षांनी उलगडले आणि आधीचे सगळे समज उलटेपालटे झाले. अपुऱ्या कथेच्या मध्यवर्ती रहस्याजवळ जितके जावे तितका फिलर रंजक होतो आणि तितकाच पुढे खोटा ठरण्याची शक्यता वाढते.

चौथा निर्णय : मूळ कथेतील उतारावर बांधणे

ऐझेनच्या पराभवानंतर, ३१७ व्या भागापासून, शिनिगामींच्या प्रतिकृतींची फौज चालून येण्याचे पर्व आले. मांगात या लढाईनंतर इचिगोची शक्ती नष्ट होते आणि तो रुकियाचा निरोप घेतो. फिलरच्या लेखकांनी लढाई आणि निरोप यांच्या मधल्या फटीत आपली कथा बसवली व शक्ती हळूहळू ओसरत असल्याची अट पाळली. ३४२ वा भाग निरोपाचा, म्हणजे कॅनन आहे.

रचनेच्या दृष्टीने हा चौघांतला सर्वांत कुशल कट होता, असे मी मानतो. येथे काही परत करून जागेवर ठेवण्याची गरजच पडली नाही. नायक पर्वाच्या शेवटी दुबळा होतो, आणि तेच मूळ कथेलाही हवे होते. त्यामुळे निरोपाचा भाग फिलरनंतर आला तरी ढासळत नाही, उलट शक्ती जाताना पाहिलेली असल्याने थोडा अधिक लागतो. पण तोवर तीनशेहून अधिक भाग झाले होते आणि अनेक प्रेक्षक निघून गेले होते.

परिणाम

यानंतर ‘फुलब्रिंग’ पर्व ३६६ व्या भागात संपले आणि मार्च २०१२ मध्ये मालिका बंद झाली. मांगाचे अंतिम पर्व २०१२ च्या सुरुवातीलाच छापायला लागले होते. म्हणजे शेवटच्या दिवशी अ‍ॅनिमेपुढे वापरण्याजोगी दहाच्या आतबाहेर प्रकरणे होती. दीडशेची पुंजी शून्यावर आली होती आणि पुढे जायचे तर आणखी एक वर्षभराचा फिलर लागला असता. तो न करता थांबण्याचा निर्णय घेतला गेला, आणि २००५ मध्ये परवडणारा नसलेला तिसरा पर्याय अशा रीतीने सात वर्षांनी स्वीकारला गेला.

मांगा २०१६ मध्ये संपली. अंतिम पर्वाचे अ‍ॅनिमे रूपांतर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले, आणि ते १३ किंवा १४ भागांच्या टप्प्यांत, मध्ये मोठे विराम घेऊन दाखवले जात आहे. यात मांगात नसलेली दृश्ये आहेत, उदाहरणार्थ आरंभीच्या गोतेई १३ या शिनिगामी सेनेची यहवाख या शत्रूशी झालेली जुनी लढाई. ‘मांगात नाही ते फिलर’ ही व्याख्या काटेकोरपणे लावली तर ही दृश्ये फिलर ठरतात, परंतु त्यांना तसे कोणी म्हणत नाही, कारण ती मूळ लेखकाच्या देखरेखीखाली आणि शेवट ठाऊक असताना घातलेली आहेत. वेळ काढण्यासाठी ती आलेली नाहीत.

वेगळे काय करता आले असते

वर्षाला ५० ऐवजी २६ भाग आणि भागाला दोनच प्रकरणे असा नियम ठेवला असता तर वर्षाला ५२ प्रकरणे लागली असती, आणि मांगा ४८ देत होती. तूट अवघी चार प्रकरणांची. दीडशेची शिल्लक त्यावर कित्येक वर्षे पुरली असती. २०१६ पासून ‘माय हीरो अकॅडेमिया’ साधारण याच पद्धतीने हंगामी चालली आणि तिला फिलर पर्वे लागली नाहीत. अर्थात २००४ मध्ये अशी मागणी घेऊन वाहिनीकडे जाणाऱ्याला आठवड्याची जागा मिळालीच नसती, म्हणून या सूचनेचे मूल्य मर्यादित आहे.

त्या काळातही शक्य असलेली दुरुस्ती वेगळी होती. सोल सोसायटी संपली तेव्हा हाताशी असलेला विराम पुन्हा लवकर मिळणार नाही, हे मांगातील पुढची तीसेक प्रकरणे वाचून दिसत होते, कारण त्यांत एक लढाई दुसरीला जोडत जात होती. तेव्हा ६४ व्या भागापासून एकच ४५ भागांची कथा ताणण्याऐवजी त्याच जागी पंधरा-पंधरा भागांच्या दोन-तीन स्वतंत्र कथा रचता आल्या असत्या. आमागाईची कथा त्यांपैकी एक होऊ शकली असती, कारण तिसऱ्या तुकडीचे पद तेव्हाच रिकामे झाले होते. दुसरे, पहिल्या ६३ भागांचा वेगच थोडा कमी, म्हणजे भागाला २.९ ऐवजी २.४ प्रकरणे असा राखला असता, तर जवळपास तीस प्रकरणे वाचली असती. १६७ व्या भागाशी जी शिल्लक उरली होती ती त्यामुळे दुप्पट झाली असती, आणि कापण्यासाठी नोइत्राची लढाई संपण्याची वाट पाहता आली असती.

आज जो प्रेक्षक ही मालिका पहिल्यांदा पाहतो त्याच्यासाठी व्यवहार्य मार्ग असा आहे. ६४ ते १०८ आणि १६८ ते १८९ हे भाग पहिल्या फेरीत सरळ वगळावेत. २३० ते २६५ युद्धाच्या मध्ये न पाहता ३१० व्या भागानंतर पाहावेत, म्हणजे युद्ध तुटत नाही. ३१७ ते ३४१ वगळले तरी चालतात, मात्र फिलरच्या यादीकडे पाहून घाईने पुढे सरकताना ३४२ वा भाग सुटणार नाही याची काळजी घ्यावी.